शब्दचर्चा : ‘स्मॉल कॅप’ला मराठीत काय म्हणायचं?

मंजिरी
गुंतवणुकीवरच्या एका लेखाचं मराठी करतेय. लार्ज कॅप, मिड कॅप, स्मॉल कॅप या शब्दांशी अडले आहे. वर्तमानपत्रांत ‘लघु भांडवली कंपनी’ असं वाचते, पण ते वाचलं की डोळ्यांपुढे एमआयडीसीतली पत्र्याची शेड आणि चार लेथ मशिनं येतात. दुसरी अडचण ‘व्होलॅटिलिटी’ची. ‘अस्थिरता’ म्हटलं की सरकार पडतंय असं वाटतं. काय वापरता तुम्ही?

टवाळ
कॅप म्हणजे टोपी. लार्ज कॅपमध्ये आपण टोपी घालून बसतो, स्मॉल कॅपमध्ये आपल्याला टोपी घालतात.

सांगलीकर सर
विनोद बाजूला ठेवू. ‘लघु भांडवली’ बरोबरच आहे. कॅप म्हणजे कॅपिटल, म्हणजे भांडवल. ज्या कंपनीचं भागभांडवल कमी ती लघु भांडवली. तीस वर्षं कॉमर्स शिकवलंय, शब्द चुकायचा नाही.

जुना दलाल
सर, भांडवलच, पण भागभांडवल नव्हे. एमआरएफचं उदाहरण घ्या. तिचे शेअर फक्त 42 लाख 41 हजार, दर्शनी किंमत 10 रुपये. म्हणजे भागभांडवल सव्वाचार कोटीसुद्धा पुरतं नाही. पुण्यात त्यात दोन-तीन बरे फ्लॅट येतील. पण जून 2023 मध्ये तो शेअर पहिल्यांदा एक लाख रुपयांवर गेला. 42 लाख शेअर गुणिले एक लाख, झाले 42 हजार कोटी. कॅप मोजतात ती ही. शेअरची संख्या गुणिले बाजारातला भाव.

आणि एवढं होऊनही एमआरएफ लार्ज कॅप नव्हती, मिड कॅप होती. म्हणजे ‘महागडा शेअर तो लार्ज कॅप’ ही समजूतही इथेच निकालात निघते.

सांगलीकर सर
मान्य. मग ‘लघु बाजारभांडवली’ म्हणा. लघु तर आहेच ना?

जुना दलाल
लघु कशाच्या मानाने ते पाहा. सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये म्युच्युअल फंडांसाठी व्याख्या ठरवली, तीत रुपयाचा आकडाच नाही. बाजारमूल्याप्रमाणे कंपन्या रांगेत उभ्या करायच्या. पहिल्या शंभर लार्ज, 101 ते 250 मिड, 251पासून शेवटपर्यंत सगळ्या स्मॉल. दर सहा महिन्यांनी, त्या सहा महिन्यांच्या सरासरीवर, म्युच्युअल फंडांची संघटना ‘अ‍ॅम्फी’ नवी यादी काढते. 2025च्या सुरुवातीच्या यादीत शंभराव्या नंबराला साधारण एक लाख कोटी लागत होते आणि अडीचशेव्याला 33 हजार कोटींच्या आसपास. म्हणजे तीस हजार कोटींची कंपनीही ‘स्मॉल’. मंजिरीताईंच्या चार लेथ मशिनांचा इथे काही संबंध नाही.

त्याच रांगेच्या शेपटाला मात्र शंभर-दीडशे कोटींच्या कंपन्याही असतात. एका शब्दात हे दोन्ही कोंबलंय.

हर्षदा
माझ्याकडे एका स्मॉल कॅप कंपनीचे चार हजार शेअर आहेत, नाव सांगत नाही. एक वाईट बातमी आली आणि पाच दिवस सलग पाच टक्क्यांचं खालचं सर्किट, म्हणजे त्या दिवशी भाव याहून खाली जाऊच शकत नाही. रोज सकाळी सव्वानऊला विकायला लावायचे, रोज तसेच पडून. शंभराचे सत्याहत्तर झाले पण एकही शेअर गेला नाही. आता विकू का ठेवू?

टवाळ
अहो, इथे शब्दाचा भाव विचारलाय, शेअरचा नाही.

जुना दलाल
विकायचं की ठेवायचं ते कंपनी न बघता सांगणारा माणूस भेटला तर लांब राहा. पण हर्षदाताईंनी नकळत मंजिरीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलंय. व्होलॅटिलिटी म्हणजे भावाचं वरखाली होणं. त्याला ‘चढउतार’ पुरे. ताईंचा त्रास मात्र वेगळा होता. भाव पडला हे खरं, पण घेणाराच नव्हता. बाजारात त्याला आम्ही ‘मालाला उठाव नाही’ म्हणतो, भुसार बाजारात म्हणतात तसंच.

मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये रोज शेकडो कोटींची उलाढाल होते. तिथे चार हजार शेअर कधी गेले कळतही नाही. लहान कंपनीत अनेकदा बहुतेक शेअर प्रवर्तकांकडे, उरलेले थोड्या लोकांकडे. सगळ्यांना एकाच दिवशी बाहेर पडायचं असलं की दार अरुंद पडतं. भावाचे हेलकावे मोठे होतात ते बरेचसे यामुळेही, नुसत्या धंद्यामुळे नव्हे. वर जातानाही तेच. थोडी मागणी आली की वरचं सर्किट, आणि लोक त्याला ‘ग्रोथ’ म्हणतात.

मंजिरी
‘उठाव’ फारच आवडला. ‘लिक्विडिटी’ला ‘तरलता’ लिहून लिहून कंटाळले होते. पण लेखात पुढे वाक्य आहे की लहान कंपन्या वेगाने वाढतात. ते तरी बरोबर ना?

सांगलीकर सर
उघड आहे. दोनशे कोटींची विक्री चारशे होऊ शकते. दोन लाख कोटींची चार लाख व्हायला आख्खा देश वाढावा लागतो.

जुना दलाल
सर, इथे तुमचं बरोबर आहे, पण निम्मंच. 251च्या खाली सगळी पोरंच नसतात, खंगलेली म्हातारीही असतात. ‘लघु’ हा शब्द दोघांत फरक करत नाही.

आपल्या पुण्याची सुझलॉन बघा. जानेवारी 2008 मध्ये भाव चारशेच्या पुढे, पवनचक्क्यांचा बोलबाला, आजच्या भाषेत सरळ लार्ज कॅप. परदेशात हॅन्सेन आणि आरई-पॉवर या कंपन्या कर्ज काढून घेतल्या, वर 2008चं संकट आलं. मागणी आटली, 2012 मध्ये परकी चलनातले रोखे वेळेवर फेडता आले नाहीत. मार्च 2020 मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास. तेव्हा ती स्मॉल कॅप होती, पण ‘लहान असल्यामुळे वेगाने वाढणारी’ असं कोण म्हणेल?

पुढे ती सावरली. सप्टेंबर 2024 मध्ये भाव ऐंशीच्या वर गेला. आता गुणाकार करा. 2008 मध्ये शेअर साधारण दीडशे कोटी होते, 2024 मध्ये साडेतेराशे कोटींच्या पुढे, कारण मधल्या काळात कर्जाच्या बदल्यात आणि पैसा उभारायला नवे शेअर काढत गेले. म्हणून कंपनीचं बाजारमूल्य तेव्हा एक लाख कोटींच्या पार गेलं, 2008च्या शिखराहूनही वर. आणि 2008 मध्ये वर घेतलेला माणूस? शंभराचे वीससुद्धा नाहीत. कॅप परत आली, त्याचे पैसे आले नाहीत.

हर्षदा
म्हणजे कंपनी मोठी झाली आणि माझा वाटा लहान झाला, असंही होतं?

जुना दलाल
होतं. म्हणून भावाआधी शेअरची संख्या बघायची. वार्षिक अहवालात पाच वर्षांची काढा. वाढत चालली असेल तर का वाढली ते शोधा.

मंजिरी
मग मी ‘स्मॉल कॅप’ तसंच ठेवते आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘बाजारमूल्याच्या रांगेत 251पासून पुढच्या’ एवढं लिहिते. ‘व्होलॅटिलिटी’ला चढउतार. ‘लिक्विडिटी’ला उठाव.

सांगलीकर सर
‘उठाव’ला हरकत आहे. वाचकाला 1857 आठवेल.

टवाळ
पाच दिवस सर्किट लागलेल्यांना तोही करावासा वाटतो, सर.

मंजिरी
संपादकही सरांचंच म्हणतील बहुधा. ‘मालाला उठाव’ असं जोडून लिहून बघते.