मदत हवी आहे: खळ्यातला आपोआप लागणारा दिवा तिन्हीसांजेला टकटक करतो, ४७ केचा हिशोब कुठे चुकला?

पडवीवाला: मंडळी, देवगडजवळ आमचं घर आहे, खळ्यातला दिवा अंधार पडला की आपोआप लागावा म्हणून एलएम३९३ वर सर्किट केलंय. एलडीआर १२ व्होल्टकडून, त्याच्याखाली १० के ग्राउंडला आणि मधला पॉइंट मायनस पिनला. प्लस पिनवर १० के वर, १० के खाली, म्हणजे ६ व्होल्ट, आणि आउटपुटवरून ४७ के परत प्लसला. आउटपुटला १० के पुलअप, तिथूनच १० के मधून बीसी५४७ च्या बेसला, पुढे रिले. अडचण अशी की एलडीआरवर माडाच्या झावळ्यांची सावली हलते, वारा आला की मधला पॉइंट ५.४ ते ६.१ असा वरखाली होतो, आणि रिले दर दोन-तीन सेकंदाला टक... टक... आई म्हणते दिवा आहे की काजवा. हिशोबाने १.१५ व्होल्टचा गॅप यायला हवा होता, मग ०.७ च्या हलण्याने रिले पडतो कसा?

दर्यावर्दी: एलडीआरच्या खालच्या १० केला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर लाव, सगळं थंड होईल. प्लस पिनलाही एक टाक, डबल सेफ्टी.

माडाखालचा: रे बाबा, आमच्याकडे पण ह्याच होता, विहिरीवरची मोटार सारखी चालूबंद. मी स्टार्टरच बदललंय. तुझ्या रिलेचे कॉन्टॅक्ट खराब नाय ना? खाऱ्या वाऱ्यात वर्षभरात हिरवे होतत.

पडवीवाला: काका, रिले नवीन आहे, टकटक कॉइलच्या बाजूने येतेय.

सोल्डरवाली: हिशोबात आउटपुट किती धरलास? आणि दिवा चालू असताना आउटपुट पिनवर मीटर काय दाखवतो? दोन्ही स्थितीत प्लस पिनही मोज.

पडवीवाला: १२ धरला. मीटर ६.३ दाखवतोय!! प्लस पिन दिवा बंद असताना ५.४, चालू असताना ६.०.

सोल्डरवाली: मग सापडलं. एलएम३९३ स्वतः आउटपुट वर ढकलत नाही, फक्त खाली ओढतो, वर जातं ते तुझ्या पुलअपने. आणि पुलअपच्या १० केमधूनच बेसचा करंट जातोय, बेस ०.७ ला अडकलेला, म्हणजे दोन समान रेझिस्टर उरलेले ११.३ व्होल्ट अर्धेअर्धे वाटून घेतात, आउटपुट ६.३ वरच थांबतं. प्लस पिन आधीच ६ वर बसलेली, तिला ६.३ काय उचलणार? खालचा उंबरठा बरोबर ५.४ येतो, वरचा मात्र ६.० च, गॅप ०.६ आणि तुझी सावली ०.७ हलते.

पुलअप २.२ के कर, बेसला १५ के. आता आउटपुट साडेदहाच्या आसपास जाईल, खाली ओढताना साडेपाच मिलिअँपिअर लागतील तेवढे ३९३ ला झेपतात. मग

```
गॅप = Vout × 5k / (5k + R3)
    = 10.5 × 5 / 52 ≈ 1.0 V
```

५ के म्हणजे तुझे दोन १० के समांतर, R3 म्हणजे तुझा ४७ के. उंबरठे ५.४ आणि ६.४. रिलेची कॉइल ४०० ओहमच्या आसपासची असेल तर बेसचा करंट पुरेल, कमी ओहमची असेल तर नाही, ती मोजून घे.

आणि दर्यावर्दी, एलडीआरच्या बाजूचा कपॅसिटर ठीक आहे, पण प्लस पिनवर नको. फीडबॅक झटकन पोचायला हवा, तिथेच कपॅसिटर लावला की उंबरठा सरकायच्या आत आउटपुट पुन्हा मागे फिरतं. आणि १०० मायक्रोचा साधारण अर्ध्या सेकंदाचा वेग, झावळी दोन-तीन सेकंदाने झुलते, तिला तो फारसा दाबणार नाही.

दर्यावर्दी: प्लसवर मी ०.१ लावतो, चालतो माझा.

सोल्डरवाली: ०.१ मध्ये अर्धा मिलिसेकंदच जातो, रिलेला कळतही नाही. १० मायक्रो लावून बघ.

माडाखालचा: आणि व्होल्टेज? आमच्याकडे संध्याकाळी लाइट पार खाली जाता, स्टॅबिलायझर लाव आधी.

सोल्डरवाली: काका, एलडीआरचा पॉइंट आणि ६ व्होल्ट दोन्ही एकाच १२ वरून येतात, १२ चे ११ झाले तरी दोन्ही एकत्र उतरतात. रिले कमी व्होल्टेजला सुटेल ती गोष्ट वेगळी.

पडवीवाला: काल बदललं. कॉइल ४०० ओहम निघाली, आउटपुट १०.४, प्लस पिन ५.४ आणि ६.४. वारा असूनही एकदाच टक, दिवा लागला तो लागलाच. पण आता पहाटे उजाडलं तरी बराच वेळ दिवा चालू राहतो, ६.४ गाठायला उशीर होतो. गॅप कमी केला तर सकाळी लवकर विझेल पण संध्याकाळी परत काजवा.

सोल्डरवाली: ते तसंच असणार. एलडीआरला पाइपचा तुकडा बसव, तोंड माडाकडून वळवून उत्तरेच्या आभाळाकडे. हलणं ०.२-०.३ वर आलं तर ४७ के काढून १०० के लाव, गॅप अर्ध्यावर येईल. फक्त दिव्याचा उजेड पाइपमध्ये शिरू देऊ नकोस, नाहीतर दिवा स्वतःलाच दिवस समजून विझेल.

पडवीवाला: पाइप आहे, पण उत्तरेला गोठ्याचं छप्पर येतं. रविवारी शिडी लावून बघतो.