उत्तर: नकली पेन ड्राइव्ह कसा ओळखायचा

"प्रॉपर्टीजमध्ये ६४ जीबी दिसतंय, फाइलीही कॉपी झाल्या, म्हणजे माल अस्सल ना?"

नाही. तो आकडा ड्राइव्हमधला कंट्रोलर सांगतो, आणि नकली मालात त्यालाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आतली चिप ८ जीबीची असली, तरी फाइलींची यादी सुरुवातीच्या भागात असल्यामुळे नावं आणि साइझ शाबूत दिसतात. पुढचा मजकूर मात्र हवेत जातो किंवा जुन्यावरच लिहिला जातो. नाशिकला एमजी रोडवरून भाच्याने आणलेल्या मेमरी कार्डाचं हेच झालं: सुरुवातीचे फोटो उघडले, नंतरच्यांचा खालचा अर्धा भाग करडा, त्यापुढचे उघडेचनात.

विंडोजवर H2testw हे तपासणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ड्राइव्ह रिकामा करून पूर्ण भरू द्या, मग काढून पुन्हा लावा आणि Verify दाबा. नाहीतर कधीकधी कॅशमधलंच वाचून 'ठीक' म्हणतं. लिनक्सवर F3 इन्स्टॉल करून:

```
f3write /media/usb
f3read /media/usb
```

(पाथ आपापला टाका.) सेकंदाला १० एमबीच्या वेगाने ६४ जीबी लिहायलाच पावणेदोन तास जातात, त्यामुळे रात्री लावून झोपलेलं बरं. ६४ ऐवजी ५९ च्या आसपास दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका, तो विंडोजच्या मोजणीचा फरक आहे.