एजंट बिलं भरणार, पण माणसाने 'हो' कुठे म्हणायचं?

हिशेबनीस_चिंचवड
आमचा सुट्या भागांचा छोटा कारखाना. महिन्याला साधारण १४० खरेदी बिलं येतात. ऑफिसात एआय एजंट बसवलाय. तो मेलमधलं बिल उचलतो, पीओ म्हणजे खरेदी ऑर्डर आणि माल-आवक नोंद यांच्याशी ताडून बघतो, टॅलीत व्हाउचर टाकतो, पेमेंटची यादी करतो आणि बँकेच्या पोर्टलवर फाइल चढवतो. सध्या पाचही पायऱ्यांवर माझी मंजुरी लागते. मालक म्हणतात, शेवटची एकच ठेवा. मला धाकधूक वाटते. तुमचं मत?

दुर्बीण
मालकांचं बरोबर आहे. १४० बिलं, पाच पायऱ्या, म्हणजे ७०० वेळा बटण. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही न वाचताच दाबत असाल, खरं सांगा. पैसे शेवटी जातात, पहारा तिथेच बसवा.

मेकर_चेकर
अर्धं पटलं. पैसे शेवटच्या पायरीवर जातात, पण चूक बरीच आधी झालेली असते. मी पेमेंटच्या कामात बरीच वर्षं आहे. पाहिलेलं एक प्रकरण सांगतो.

नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने बिल आलं. तळाशी बारीक ओळ: आमचं बँक खातं बदललं आहे, नोंद करून घ्यावी. एजंटने इमानेइतबारे नवा खाते क्रमांक मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादाराच्या कायमच्या नोंदीत टाकला. ती किरकोळ नोंद समजली जायची, म्हणून तिथे मंजुरी नव्हती. पुढे सगळं जुळलं. पीओ होती, माल आलेला होता, दर बरोबर होता. शेवटी साहेबांसमोर ४३ ओळींची यादी आली, त्यात नाव आणि रक्कम. दोन्ही खरी! त्यांनी हो म्हटलं. एनईएफटीत पैसे नाव न बघता खाते क्रमांकावर जमा होतात. १ एप्रिल २०२५ पासून बँकांना खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यावी लागते, पण ते नाव कुणीतरी बघायला हवं ना.

म्हणून माझा पहिला थांबा मास्टरमधलं खातं बदलताना. तोही फोन करून, आपल्याकडच्या जुन्या नंबरावर. बिलावर छापलेल्या नव्हे. व्हाउचर चुकलं तर उलटी नोंद करता येते, तिथे माणूस अडवून ठेवू नका.

सोसायटी_सेक्रेटरी
आमच्याकडे चेकवर दोन सह्या लागतात. खजिनदार लेकीकडे अमेरिकेला निघाले तेव्हा अख्ख्या चेकबुकावर सह्या करून गेले. सहा महिने कारभार सुरळीत. एजंटबिजंट काही लागलं नाही.

दुर्बीण
😂 ही तर आगाऊ मंजुरी झाली.

ओघ
सगळे अडवण्याबद्दलच बोलताय. थांबण्याचीही किंमत असते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला आणि वर्षअखेरीला देणं थकलं, तर आयकरात त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. मंजुरी देणारा लग्नाला गेला की यादी तशीच पडून. मी म्हणेन, २५,००० च्या आतली बिलं एजंटलाच सोडू द्या. आणि सूचनेत स्वच्छ लिहा, 'याच्या वर असेल तर विचारल्याशिवाय पैसे पाठवू नकोस.'

मेकर_चेकर
उशिराचा मुद्दा मान्य. म्हणून प्रत्येक थांब्याला पर्यायी माणूस आणि मुदत हवी. पण मुदत संपली तर उत्तर 'नाही' धरायचं, 'हो' नव्हे.

सूचनेवर मात्र भिस्त ठेवू नका. एजंट ती वाचतो आणि बिलातली ओळही वाचतो. कुठली आपली, कुठली परक्याची, हे त्याला दर वेळी कळेलच असं नाही. त्याला फक्त मेकरचा, म्हणजे फाइल चढवणाऱ्याचा लॉगिन द्या. चेकरचा, म्हणजे मंजुरी देणाऱ्याचा पासवर्ड आणि ओटीपी त्याच्या हाती लागताच कामा नये. मग त्याने ठरवलं तरी पैसे हलणार नाहीत.

दुसरं, चेकरने एजंटने लिहिलेला गोषवारा वाचून हो म्हणू नये. पोर्टलवर चढलेली फाइल उघडावी आणि मागच्या वेळेपेक्षा वेगळा खाते क्रमांक असलेल्या ओळी वर आणून दाखवायला सांगावं. ४३ पैकी तशा दोनच असतील, त्या माणूस खरंच वाचतो. मंजुरीनंतर फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी मंजुरी रद्द.

ओघ
आणि २५,००० चं काय? ते टाळलंत.

मेकर_चेकर
टाळलं नाही. एका बिलावर मर्यादा घातली तर २४,९०० ची चार बिलं येतात. मर्यादा पुरवठादारामागे आणि दिवसाच्या एकूण रकमेवर असेल, खातं निदान तीन पेमेंटं जुनं असेल, तर माझी हरकत नाही. आकडा किती, ते तुमचा कारखाना किती नुकसान सोसू शकतो त्यावर. तो मी कसा सांगू?

दुर्बीण
चेकर खरंच वाचतो का, हे कसं कळणार? महिन्यातून एकदा मुद्दाम एक चुकीची ओळ घुसवून बघा. पैसे जायच्या आधी काढायला विसरू नका, नाहीतर नवाच धागा काढावा लागेल.

हिशेबनीस_चिंचवड
खाते बदलाचा थांबा आजच लावला. तीन पायऱ्यांवरची मंजुरी काढली. एक अडचण राहिलीच: आत्ता कळलं की एजंट माझ्याच लॉगिनने पोर्टलवर जातो, आणि मंजुरीही मीच देतो. मालकांना चेकर व्हा म्हटलं तर म्हणाले, 'मग तुला कशाला ठेवलाय?'