मदत हवी आहे: वेबरच्या प्रकरणातून दीर्घोत्तरी उत्तरांचे साचे कसे बांधायचे?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. यूपीएससी मुख्य परीक्षेची तयारी करतोय. वैकल्पिक विषय भूगोल, माध्यम मराठी. दिवसा नोकरी, त्यामुळे अभ्यास रात्रीच. पहिल्या पेपरमधलं मानवी भूगोलाच्या सिद्धांतांचं प्रकरण मला साच्यात बसवायचं आहे, म्हणजे परीक्षेत विचार न करता हात चालावा.

सुरुवात वेबरच्या औद्योगिक स्थाननिश्चितीपासून केली. नोट्स १४ पानं होत्या. त्यातून एक साचा काढला: प्रस्तावनेत वेबर कोण आणि १९०९ चा ग्रंथ, मग गृहीतके, वाहतूक खर्च, श्रमखर्च, एकत्रीकरण, टीका, भारतातली उदाहरणे आणि निष्कर्ष. आकृती म्हणून स्थाननिश्चितीचा त्रिकोण. हे सगळं पाठ आहे.

गेल्या रविवारी सराव चाचणीत प्रश्न आला, ‘वेबरच्या सिद्धांतातील श्रमखर्चाची भूमिका स्पष्ट करा’, १५ गुण. साचा जसाच्या तसा उतरवला, साडेतीन पानं झाली. ५ गुण मिळाले. शेरा एवढाच, ‘प्रश्न वाचा’. उत्तरात चूक काहीच नव्हती, म्हणून जास्त लागलं. साचा चुकला की साचा करणंच चूक आहे?

माळरान

साचा बरोबर आहे दादा, लांबी चुकली. १५ गुणांना साडेतीन पानं लिहिलीस तर पुढचे प्रश्न सुटणारच. प्रत्येक शीर्षकाखाली दोन ओळी, बास. प्रस्तावना आणि निष्कर्ष शब्दन् शब्द पाठ ठेव, तिथे वेळ वाचतो. आकृती मात्र प्रत्येक उत्तरात काढच. आकृती दिसली की तपासणाऱ्याचा हात सैल होतो.

रात्रपाळी

मी जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे कुठलाही आजार आला तरी व्याख्या, कारणं, लक्षणं, तपासण्या, उपचार, शुश्रूषा हाच क्रम लिहितो आणि गुण मिळतात. मग भूगोलात एकच साचा का चालू नये? मला मधुमेहाच्या उत्तरासाठी प्रस्तावना कशी लिहावी तेही कुणी सांगा.

निवृत्त शिक्षक

भूगोल महाविद्यालयात तीस वर्षं शिकवला, विद्यापीठाचे पेपर तपासले. आयोगाचे तपासलेले नाहीत, हे आधी सांगतो.

ताई, तुमच्या प्रश्नपत्रिकेत बहुतेक वेळा पूर्ण आजारच विचारतात, म्हणून पूर्ण क्रम चालतो. इथे सिद्धांत पूर्ण क्वचितच विचारतात, त्याचा एखादा अवयव विचारतात. मधुमेहाचं तुमच्या विषयातलं कुणीतरी सांगेल, मी त्यात पडत नाही.

गोदाकाठ, तुम्ही प्रकरणाचा साचा केलात. साचा प्रश्नाचा करायचा असतो. वेबरच्या प्रकरणातून मला चारच प्रकारचे प्रश्न निघताना दिसतात: वाहतूक खर्चाने जागा कशी ठरते, श्रम किंवा एकत्रीकरणामुळे ती जागा कशी सरकते, सिद्धांताच्या मर्यादा काय, आणि एखाद्या प्रत्यक्ष उद्योगाला तो किती लागू पडतो. नोट्स चौदा पानं असोत, एकेका प्रश्नाला त्यातलं दीड पान लागतं. बाकीचं त्या दिवशी वहीतच राहू द्यायचं. जड जातं, पण गुण तिथेच आहेत.

वेळेचं गणित बघा. १८० मिनिटांत २५० गुण, म्हणजे १५ गुणांना जेमतेम पावणेअकरा मिनिटं. त्यात आकृतीची दोन मिनिटं काढली की लिहायला आठ-नऊ उरतात.

तुमचाच प्रश्न घेऊ. प्रस्तावनेत वेबरचं चरित्र नको. दोन वाक्यं अशी: ‘वेबरच्या मते उद्योगाची जागा प्रथम किमान वाहतूक खर्च ठरवतो. स्वस्त श्रम ती जागा बदलू शकतो, पण श्रमातली बचत वाढलेल्या वाहतूक खर्चापेक्षा जास्त असेल तरच.’ ही वाचताच तपासणाऱ्याला कळतं की प्रश्न समजलाय. १९०९ हे साल पहिल्या वाक्यात सहज बसतं, त्याला वेगळी ओळ नको.

मधल्या भागाला तीनच शीर्षकं. पहिलं, श्रमकेंद्राकडे जागा केव्हा सरकते. आकृती इथेच येते, शेवटी नाही. मधोमध किमान वाहतूक खर्चाचा बिंदू क, त्याभोवती तीन वर्तुळं, प्रत्येकावर मालाच्या टनामागे वाढीव वाहतूक खर्च: २०, ४०, ६० रुपये. हे आयसोडापेन. श्रमाची बचत टनाला ६० रुपये धरा, म्हणजे ६० चं वर्तुळ निर्णायक, ते ठळक काढा. ४० च्या वर्तुळावर श्रमकेंद्र श१, सगळ्या वर्तुळांच्या बाहेर, ८० च्या जागी श२. खाली लिहा: ‘श१ कडे गेल्यास ४० रुपये जादा लागून ६० वाचतात, म्हणून उद्योग सरकतो. श२ कडे जाण्यात २० रुपयांचा तोटा, म्हणून सरकत नाही.’ सिद्धांताचा गाभा एवढाच आहे आणि तो आकृतीनेच सांगितला गेला.

दुसरं शीर्षक, कोणते उद्योग श्रमाकडे ओढले जातात. जिथे वाहायच्या वजनाच्या मानाने श्रमाचा खर्च मोठा, तिथे. सुरतेचं हिऱ्यांना पैलू पाडण्याचं काम बघा: हिऱ्याचं वजन नगण्य, हाताचं कसब सगळं. याउलट लोखंड-पोलाद खनिज आणि कोळशापासून फार लांब जाऊ शकत नाही. तिसरं, वेबरच्या श्रमविषयक गृहीतकांची मर्यादा. मजूर जागचा हलत नाही आणि ठरल्या मजुरीला हवे तितके मजूर मिळतात, असं तो धरतो. गृहीतकांपैकी ही दोनच इथे लिहायची.

माळरान, आकृतीबद्दल अर्धं पटतं. याच प्रश्नाला कुणी स्थाननिश्चितीचा त्रिकोण काढला, तर मी त्याला काही देत नसे. तो वाहतुकीच्या प्रश्नाचा आहे. आणि आकृतीतल्या अक्षरांचा उल्लेख मजकुरात एकदाही नसेल, तर ती चिकटवल्यासारखी दिसते. तुमच्या साच्यात ‘आकृती काढा’ एवढंच लिहून चालणार नाही. कोणत्या वाक्यानंतर, कोणती अक्षरं आणि खाली कोणतं वाक्य, हे तिन्ही लिहून ठेवा.

माळरान

सर, त्रिकोणाचं मान्य. पण निष्कर्ष पाठ असायलाच हवा. शेवटच्या मिनिटाला सुचत नाही, हा माझा अनुभव आहे. ‘मर्यादा असूनही वेबरचा सिद्धांत आजही मार्गदर्शक आहे’ हे कुठेही बसतं.

निवृत्त शिक्षक

कुठेही बसतं, म्हणूनच ते काही सांगत नाही. शेवटच्या मिनिटाची अडचण मात्र खरी आहे. म्हणून निष्कर्षाचं वाक्य नव्हे, त्याची जागा ठरवून ठेवा: शेवटच्या शीर्षकात जी मर्यादा सांगितली, तिच्यामुळे प्रश्नाचं उत्तर किती बदलतं, एवढंच लिहायचं. त्याला नवं काही सुचावं लागत नाही.

सायली ब.

मी गेल्या वर्षी हाच विषय घेऊन मुख्य परीक्षा दिली, मुलाखतीपर्यंत गेले नाही. सरांच्या चौथ्या प्रकाराबद्दल लिहिते, कारण तिथे मराठी मुलांना हातचं उदाहरण आहे.

‘महाराष्ट्रातील साखर उद्योगाच्या संदर्भात वेबरच्या सिद्धांताची चर्चा करा’ असा प्रश्न धरा. साधारण १० टन उसातून १ टन साखर निघते, म्हणजे पदार्थ निर्देशांक १० च्या आसपास. मी त्रिकोणाऐवजी सरळ रेषा काढते: एका टोकाला शेत, दुसऱ्या टोकाला बाजार, अंतर १०० किमी, भाडं टन-किलोमीटरला १ रुपया. कारखाना शेतापाशी असेल तर १ टन साखर वाहायची, १०० रुपये. बाजारापाशी असेल तर १० टन ऊस, १००० रुपये. मध्यावर ५५०. तीन आकडे रेषेखाली लिहिले की कारखाना उसापाशी का, ते दिसतं.

मग लगेच, वेबर जे सांगत नाही ते: तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, म्हणून वजनाइतकाच वेळही महत्त्वाचा. आणि महाराष्ट्रात दोन कारखान्यांत किमान २५ किमी हवाई अंतराची अट आहे, म्हणजे जागा फक्त खर्चाने ठरत नाही, शासनही ठरवतं. माझं ‘टीका’ हे शीर्षक या दोन मुद्द्यांवरच संपतं. लॉश मागणीचा विचार करतो वगैरे इथे लिहीत नाही. तो फक्त ‘मर्यादा’ विचारल्या तर.

गोदाकाठ

सर, ताई, मनापासून आभार. काल रात्री श्रमाचं उत्तर पुन्हा लिहिलं, घड्याळ लावून. बारा मिनिटं लागली, म्हणजे अजून सव्वा मिनिट जास्त. प्रस्तावना दोन वाक्यांची, आकृती पहिल्या शीर्षकाखाली, श१ आणि श२ दोन्ही मजकुरात. साच्याचं कार्ड आता असं दिसतं:

प्रश्न: श्रमखर्च
प्रस्तावना: जागा आधी वाहतूक ठरवते, श्रम ती सरकवतो, अट एकच
१. केव्हा सरकते → ‘बचत जास्त असेल तरच’ नंतर आकृती: क, २०-४०-६०, श१ आत, श२ बाहेर
२. कोणते उद्योग → सुरत हिरे, उलट पोलाद
३. मर्यादा → मजूर हलत नाही हे गृहीतक. बीडचे ऊसतोड कामगार दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात जातात
निष्कर्ष: ३ वरून

ऊसतोडीचं उदाहरण माझं आहे. आमच्याच भागातलं, म्हणून लगेच सुचलं.

निवृत्त शिक्षक

कार्ड चांगलं झालंय. ऊसतोडीपाशी मात्र थांबा. वेबरचा श्रम म्हणजे कारखान्यात कच्च्या मालाचा पक्का माल करणारा श्रम. ऊसतोड कामगार कच्चा माल मिळवण्याच्या टप्प्यावर आहे, तो खर्च उसाच्या किमतीत जातो. आणि कच्च्या मालाच्या किमतीतला फरक वेबर वाहतूक खर्चात मिळवतो, श्रमात नाही. चोखंदळ तपासनीस हे पकडेल.

भिवंडीचे यंत्रमाग घ्या. तिथे उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले मजूर प्रत्यक्ष माग चालवतात. मजूर जागचा हलत नाही, हे गृहीतक तिथे सरळ मोडतं.

सायली ब.

सर, मी थोडी असहमत आहे. तोडणी आणि वाहतुकीची टोळी बहुतेक ठिकाणी कारखानाच ठरवतो, उचलही कारखान्याच्या व्यवस्थेतूनच जाते. मग तो उद्योगाचा श्रम का नाही? मी हे उदाहरण ‘वेबरची श्रमाची चौकट इथे अपुरी पडते’ असं म्हणून लिहीन.

निवृत्त शिक्षक

तसं म्हणून लिहिलंत तर चालेल, कारण मग तुम्ही फरक ओळखून लिहिताय. २५० शब्दांत तो फरक समजावायला जागा उरेल का, हा प्रश्न राहतो. मी भिवंडीच घेईन.

गोदाकाठ

कार्डावर सध्या भिवंडी लिहितो, ऊसतोड चौथ्या प्रकारच्या कार्डावर हलवतो. एक राहिलंच: आयसोडापेनला मराठी माध्यमात कुठला शब्द लिहावा? माझ्याकडच्या दोन पुस्तकांत दोन वेगळे आहेत.

सायली ब.

मी देवनागरीत ‘आयसोडापेन’च लिहिलं होतं आणि पहिल्यांदा वापरताना अर्थ वाक्यातच आणला होता: ‘समान वाढीव वाहतूक खर्चाच्या जागा जोडणारी रेषा’. त्याचे गुण गेले की मिळाले, ते कळायला मार्ग नाही.