नोटीस देण्याआधी घरी सांगावं का?

नाशिककर_लेक: मी हिंदू, तो ख्रिश्चन. दोघं पुण्यात नोकरी करतो. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न करायचं ठरलंय. माझ्या घरी कुणाला माहीत नाही, आईला बीपी आहे. आधी सांगू, की लग्न करूनच सांगू?

रानजाई: करूनच सांग. नोटीस लागली की वडील हरकत घेतील आणि लग्न अडेल. आमचंही घरच्यांच्या विरोधात झालं, जात वेगळी होती. देवळात हार घातले, नंतर नोंदणी केली, दिवसात काम झालं. आई दोन वर्षं बोलली नाही. दिवाळीला फोन लावायचे, ती उचलून ठेवून द्यायची.

वकीलमावशी: रानजाई, तुम्ही दोघं हिंदू होतात म्हणून देवळातलं लग्न चाललं. इथे धर्म न बदलता लग्न करायला १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट आहे. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते. कायमचा पत्ता नाशिकचा असेल तर एक प्रत तिकडच्या कार्यालयातही जाते, म्हणजे गावात कळू शकतं. ३० दिवसांनी, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदार घेऊन लग्न. हरकत कुणीही घेऊ शकतं, पण कारण वय, आधीचं लग्न, मनोविकार किंवा जवळचं नातं यांपैकीच लागतं. 'आम्हाला पसंत नाही' हे कारण चालत नाही.

आबा_सातारा: मी बाप म्हणून लिहितो. माझ्या मुलीचं कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाने फोन करून सांगितलं. जावयाच्या जातीचा राग होताच, पण 'तुमची पोरगी नोटिशीवर दिसली' हे तिऱ्हाइताकडून ऐकलं ते अजून सलतं. तिने सांगितलं असतं तर मी आरडाओरडा केला असता, हे खरं. तरी आधी सांगावं.

वकीलमावशी: आबा, तुमच्या घरी आरडाओरड्यावर भागलं असतं. सांगितल्यावर मोबाइल काढून घेतलेल्या, मामाच्या गावी नेऊन स्थळं दाखवलेल्या मुली मी पाहिल्यात. म्हणून नाशिकला जाऊन सांगू नकोस, बाई. आधी दहावीचं प्रमाणपत्र, जन्मदाखला वडिलांच्या कपाटातून काढून मैत्रिणीकडे ठेव. नोटीस द्यायच्या आदल्या दिवशी पुण्यातून फोन कर, आईच्या जवळ मावशी किंवा भाऊ असेल अशी वेळ बघ. धमकी आली तर पोलिसांकडे लेखी अर्ज दे. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सुप्रीम कोर्टाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा हवा असं सांगितलंय.

रानजाई: आणि आईला काही झालं तर? तो दोष आयुष्यभर हिच्याच माथी मारतील.

वकीलमावशी: मारतील. त्यावर माझ्याकडे कलम नाही.

नाशिककर_लेक: कागद दादाकडून मागवले. कशाला हवेत विचारत होता, पासपोर्ट म्हटलं. त्याला तरी खरं सांगावं असं आता वाटतंय. तो आईशी बोलेल की बाबांना सांगेल, हे मात्र कळत नाही.