शब्दचर्चा: ‘७ सारख्या गोट्या’ यातला ‘सारख्या’

मृण्मयी: भाचीने गणिताचा फोटो पाठवलाय: ‘७ सारख्या गोट्या अ, ब, क या ३ पेट्यांत किती प्रकारे ठेवता येतील? एखादी पेटी रिकामी रा…’ पुढचं कापलं गेलंय. ‘सारख्या’ म्हणजे सगळ्या पेट्यांत सारख्याच का? मग ७ ला ३ ने भाग जात नाही, म्हणजे उत्तर शून्य?

वाटसरू: ‘गोट्या सारख्या वाटा’ म्हटलं असतं तर तुमचा अर्थ बरोबर होता. इथे ‘सारख्या’ गोट्यांना लागलाय. दोन गोट्यांची अदलाबदल केली तरी कुणाला कळणार नाही, एवढंच तो सांगतो. मी ‘एकसारख्या’ लिहिलं असतं, घोळ झाला नसता.

निनाद: सोपं आहे. प्रत्येक गोटीला ३ पर्याय, म्हणून ३^७ = २१८७. गोट्या सारख्या, म्हणून ७! ने भागा.

वाटसरू: भागून बघा. ७! म्हणजे ५०४०, उत्तर एकाहून कमी येईल. सगळ्या गोट्या अ मध्ये, हा प्रकार २१८७ मध्ये एकदाच मोजला जातो. पण अ मध्ये २, ब मध्ये ४, क मध्ये १ हा १०५ वेळा. मोजणीच असमान, तर एका संख्येने भागून कसं चालेल?

त्यापेक्षा चित्र काढा. गोटीला चांदणी, दोन पेट्यांच्या मध्ये उभी रेघ:

```
**|****|*
```

हीच ती २, ४, १ ची वाटणी. पेट्या ३, पण रेघा २ च. इथेच पोरं चुकतात आणि ३ रेघा काढतात. एकूण ९ जागा, त्यातल्या रेघांच्या २ निवडायच्या: ९×८÷२ = ३६. `*******||` हेही चालतं, त्यात ब आणि क रिकाम्या.

मृण्मयी: आणि रिकामी चालत नसेल तर?

वाटसरू: मग प्रत्येक पेटीत आधी एकेक गोटी टाका. उरल्या ४. चांदण्या ४, रेघा २, जागा ६: ६×५÷२ = १५. तो कापलेला शब्द ‘राहिली तरी चालेल’ आहे की ‘राहू नये’, यावर सगळं अवलंबून.

शर्वरी: मला परीक्षेत असंच गणित आलं होतं. मी ३६ लिहिलं, उत्तर ८ होतं. अजून पटलेलं नाही.

वाटसरू: तिथे पेट्याही सारख्या असतील. मग २, ४, १ आणि ४, १, २ एकच. अशा वेळी रेघांची युक्ती लागू पडत नाही, हाताने यादी करावी लागते: ७; ६+१, ५+२, ४+३; ५+१+१, ४+२+१, ३+३+१, ३+२+२. इथे पेट्यांना अ, ब, क नावं आहेत, म्हणून त्या वेगळ्या.

शर्वरी: हो! ‘सारख्या पेट्यांत’च होतं. मी तो शब्द वाचलाच नव्हता.

निनाद: भागाकाराचं पटलं. पण या पद्धतीला मराठीत म्हणायचं काय? ‘तारे आणि दांड्या’?

वाटसरू: मी ‘चांदण्या-रेघा’ म्हणतो. दांडी म्हटलं की आडवी डोळ्यासमोर येते.

निनाद: मला दांडी उभीच दिसते.

मृण्मयी: भाचीला पूर्ण फोटो मागितलाय. आला की टाकते.