वहीला मालक नाही, मग खोटी नोंद पकडतं कोण?

पिंपळपान: बिटकॉइनच्या वहीवर ना रिझर्व्ह बँक, ना कुठली कंपनी. कुणी खोटी नोंद घातली तर पकडणार कोण? ‘गणित पकडतं’ म्हणतात सगळे, पण ते गणित नक्की कुणाच्या टेबलावर बसतं हे कुणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर आत कुठेतरी साहेब बसलेला असणारच.

नोड_नाशिक: माझ्या टेबलावर. चेष्टा नाही करत. जुना लॅपटॉप आहे, त्याला १ टीबीची डिस्क जोडली आणि २००९ पासूनची अख्खी वही उतरवून घेतली. उतरवता उतरवता त्याने प्रत्येक नोंद स्वतः तपासली: सही खरी आहे का, देणाऱ्याकडे तेवढे पैसे होते का, तेच पैसे आधी कुठे खर्च झालेत का. जुन्या नोंदींच्या सह्या एरवी सोडून दिल्या जातात, पण मी `assumevalid=0` लावून त्याही तपासायला लावल्या. आठवडाभर पंखा घोंघावत होता, बायको वैतागली.

आता मायनर, म्हणजे बक्षिसाच्या नाण्यांसाठी वीज जाळून मशिनं चालवणारा, नवं पान लिहितो, साधारण दर १० मिनिटांनी एक. पान चुकीचं असेल तर माझा लॅपटॉप ते घेतच नाही, मग त्यावर कितीही वीज जाळलेली असो. माझ्यासारखे हजारो जण जगभर बसलेत. त्यांनी पान नाकारलं की मायनरचं बक्षीस बुडालं, वीजबिल मात्र त्याच्या गळ्यात.

रोजकीर्द: पतसंस्थेत २७ वर्षं खतावणी लिहिली, म्हणून विचारतो. खोटी सही, चुकलेली बेरीज हे कुणीही पकडेल. खरा चोर तसं करत नाही. त्याच पैशांची सकाळी एकाला पावती देतो, दुपारी दुसऱ्याला. दोन्ही सह्या अस्सल. अर्ध्या लोकांच्या वहीत पहिली नोंद, अर्ध्यांच्या वहीत दुसरी. आमच्याकडे असं झालं की मॅनेजर निकाल द्यायचा. तुमच्याकडे कोण?

नोड_नाशिक: तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. वीज जाळायची ती याच एका प्रश्नासाठी. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो, आणि पान मान्य व्हायचं तर एका विशिष्ट मर्यादेखालचा आकडा सापडेपर्यंत मशिनने चाचपडत राहावं लागतं. दोन वह्या समोर आल्या तर माझा लॅपटॉप जिच्यामागे जास्त मेहनत दिसते ती धरतो. कोण खरं बोलतंय हे तो विचारत नाही.

आता तुमचा चोर घ्या. दुपारची नोंद टिकवायची तर सकाळचं पान त्याला नव्याने लिहावं लागेल. ते बदललं की ठसा बदलला, म्हणून पुढची सगळी पानंही. आणि तेवढ्या वेळात बाकीचे मायनर खऱ्या वहीवर पुढे पळतायत. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या लेखात हे मांडलंय: चोराकडे एकूण ताकदीपैकी १० टक्के असेल आणि तुम्ही ६ पानं थांबलात, तर तो गाठण्याची शक्यता साधारण चार हजारांत एक. त्याची ताकद ३० टक्के असेल तर मात्र १० पानं थांबूनही शंभरात चार वेळा तो गाठतो. म्हणून ‘नोंद पक्की झाली’ असं कधी नसतं, ‘आता उलटवणं परवडणार नाही’ एवढंच असतं.

वादळवारा: म्हणजे ५१ टक्के मशिनं ज्याची, वही त्याची. तो उद्या तुमचे-माझे पैसे स्वतःच्या नावावर करून घेईल. झालं की साहेबाचं राज्य!

नोड_नाशिक: अर्धं बरोबर. तो स्वतःचे दिलेले पैसे परत ओढू शकतो आणि तुमची नोंद अडवून धरू शकतो. हे घडलंयही, फक्त लहान वह्यांवर: मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्डवर, जानेवारी २०१९ मध्ये इथेरियम क्लासिकवर. पण तुमचे पैसे काढायला तुमची सही लागते, ती ९९ टक्के ताकदीनेही होत नाही. हवेतून जास्तीची नाणीही पाडता येत नाहीत. तसलं पान मी घेणारच नाही.

सुमेधा_ठाणे: माझ्या दिरांचे पावणेदोन लाख एका एक्स्चेंजच्या ॲपमध्ये अडकलेत. ॲपवर शिल्लक दिसते, पैसे निघत नाहीत. वही एवढी प्रामाणिक, तर त्यांचे पैसे दाखवत का नाही?

नोड_नाशिक: ताई, ती शिल्लक या वहीतली नाहीच. ती त्या ॲपवाल्याच्या खासगी वहीतली, आणि तिथे साहेब आहे. त्यांच्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा.

वादळवारा: ‘हवेतून नाणी पाडता येत नाहीत’? १५ ऑगस्ट २०१० ला काय झालं ते सांगा की मंडळींना.

नोड_नाशिक: सांगतो, लपवण्यासारखं नाही. पान क्रमांक ७४६३८. एका नोंदीत अर्धं नाणं आत गेलं आणि बाहेर दोन पत्त्यांवर प्रत्येकी ९,२२३ कोटींहून जास्त नाणी पडली. एकूण नाणी कधीच २ कोटी १० लाखांपुढे जायची नाहीत, हे लक्षात घ्या.

तपासणी होती: बाहेर जाणारी बेरीज आत आलेल्यापेक्षा जास्त नको. पण बेरीज ठेवायचा रकाना ६४ बिटांचा. स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतं तसा तो उलटला आणि बेरीज शून्याच्याही किंचित खाली गेली. शून्याखालचा आकडा अर्ध्यापेक्षा लहानच! सगळ्यांनी पान घेतलं. काही तासांत दुरुस्ती आली, लोकांनी ती चढवली, त्यांच्या मशिनांनी ते पान नाकारून ७४६३७ पासून पुन्हा लिहायला घेतलं. दुसऱ्या दिवशी ७४६९१ च्या सुमारास नवी वही जुनीच्या पुढे गेली. आज माझ्याकडे विचारलं की:

```
bitcoin-cli getblockstats 74638
```

तर येतं ते पान वेगळंच आहे. `"subsidy": 5000000000` दिसतं, म्हणजे एका नाण्याचे दहा कोटी भाग धरून तेव्हाचं नेहमीचं ५० नाण्यांचं बक्षीस. त्या कोटींचा मागमूस नाही.

पिंपळपान: सापडला साहेब! दुरुस्ती लिहिणारा.

नोड_नाशिक: त्याने लिहिली, चढवायची सक्ती तो करू शकत नव्हता. कुणी नाही म्हटलं असतं तर त्याची वही वेगळी चालली असती.

रोजकीर्द: हे म्हणजे ऑडिटरचा शेरा मानणं ऐच्छिक, पण सगळे एकाच ऑडिटरकडे जाणारे. तुमच्या त्या हजारो लॅपटॉपांवर प्रोग्राम कुठला?

नोड_नाशिक: बहुतेकांवर बिटकॉइन कोअर. माझ्यावरही.

रोजकीर्द: मग चूक एकच आणि प्रती हजार. २०१० ला हजारांनी एकदम ‘बरोबर’ म्हटलं ते म्हणूनच.

नोड_नाशिक: इथे मी निरुत्तर आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तसलीच एक चूक सापडली, त्यातून तेच पैसे दोनदा मोजून नाणी वाढवता आली असती. कुणी वापरण्याआधी ०.१६.३ आवृत्तीत बुजवली. वेगळ्या हाताने लिहिलेला तपासनीस ठेवावा असं मलाही वाटतं. पण दोन तपासनीस बारीकशा गोष्टीवरून भांडले तर वहीच फाटते. मार्च २०१३ मध्ये कोअरच्याच दोन आवृत्त्यांचं एका मोठ्या पानावरून बिनसलं आणि काही तास दोन वह्या चालल्या. मायनरांना गप्पांच्या खोलीत गाठून जुन्या आवृत्तीवर परत आणावं लागलं.

वादळवारा: गप्पांची खोली म्हणजे संचालक मंडळाची बैठकच की.

रोजकीर्द: आमच्या बैठकीचं निदान इतिवृत्त असायचं.

सुमेधा_ठाणे: सायबर पोलिसांकडे जाताना ॲपवरच्या शिल्लकेचा स्क्रीनशॉट चालेल, की आणखी काही लागेल?